झाकण नाही, फुल्या मात्र भरपूर

सुलेमान होडेकरांनी जन्मभर शिवी दिली ती तोंडाने. आखातात ड्रेजरवर होते. खाली समुद्राचा गाळ उपसायचा आणि वर माणसांना शिव्या घालायच्या, दोन्ही कामं एकदम चालायची. हाताखाली केरळी होते, फिलिपिनो होते, एक इजिप्तचा पण होता. सगळ्यांना होडेकरांची कोकणी शिवी बरोबर कळायची आणि वायररोप बरोबर जागेवर बसायचा. पण शिवी लिहायची असते, आणि ती पण चोरासारखी, मधे फुल्या घालून, टिंबं घालून, हे त्यांना साठी उलटल्यावर रत्नागिरीत येऊन शिकावं लागलं. ते पण एका झाकणापायी.

झाकण गटाराच्या चेंबरचं. मिरजोळ्याच्या वरच्या अंगाला, कातळाच्या सड्यावर, त्यांची हाऊसिंग सोसायटी. होडेकरांच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर चेंबर, आणि त्याचं झाकण फुटलेलं. सोसायटीने काय केलं, तर भोकात आंब्याचा एक डहाळा उभा केला आणि त्याला लाल प्लास्टिकची पिशवी बांधली. आपल्याकडे ह्याला काम झालं म्हणतात. पुढे डहाळा सुकला, पिशवी उडून गेली, आणि एका संध्याकाळी होडेकरांच्या घरच्या, कुलसुमभाभी, मसाला कुटून घेऊन येताना त्यात गेल्या. मसाला वाचला. मनगट मोडलं.

आता तुम्ही म्हणाल, अर्ज करायचा. केला की. होडेकरांनी अर्ज केला, 'विनंती विशेष' लिहून केला. अध्यक्षांनी, म्हणजे गुरुप्रसाद नाचणकरांनी, तो हसून घेतला, चहा पाजला, आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. परत अर्ज केला. परत चहा. तिसऱ्या वेळेला बिस्कीट पण आलं. होडेकर घरी येऊन म्हणाले, "कुलसुम, अजून चार अर्ज केले तर तो माणूस मला जेवायला घालेल, पण झाकण घालायचा नाय."

नाचणकर वाईट माणूस नव्हता हां. बँकेत मॅनेजर होता, रिटायर झाला होता, आणि त्याला दोनच गोष्टींचं वेड. एक कोटेशन आणि दुसरं सभ्य भाषा. झाकणाला तीन कोटेशनं लागतात म्हणायचा. एक एमआयडीसीतून आलं, दुसरं हातखंब्याहून आलं, तिसरं कुठून आणायचं ह्यावर कमिटीत विचार चालू होता. आणि तेवढ्यात त्याने नियम काढला, की यापुढे तक्रार कागदावर चालणार नाही. सोसायटीचं मोबाईलवर पान आहे, तिथे सगळ्यांसमोर लिहायची. पानावर आली ती तक्रार, नाही आली ती नाही.

होडेकर खूश. सगळ्यांसमोर म्हणजे त्यांचं मैदान. चष्मा लावला, अंगठ्याने एकेक अक्षर दाबून लिहिलं, "नाचणकर, माझ्या बायकोचा हात मोडला. झाकण घाल भडव्या." आणि पाठवून दिलं. थोड्या वेळाने दोह्याहून मुलाचा, अद्नानचा, अंगठा आला. मागून त्यांच्या जहाजावरच्या दोघा जुन्या दोस्तांचे हसरे चेहरे आले. होडेकरांची छाती फुगली. मग रोजच सुरू झालं. सकाळचा चहा झाला की एक शिवी, दुपारची मच्छी झाली की एक शिवी. फोकलीच्या झाली, गांडू झालं, भाडखाऊ झालं. रोज अद्नानचा अंगठा.

आणि रस्त्यात नाचणकर भेटला की हसून नमस्कार घालायचा. होडेकरांना त्याच्याबद्दल हळूहळू आदरच वाटायला लागला. "कातडी बघ त्याची," म्हणायचे, "एवढं खाऊन नमस्कार करतो. ड्रेजरवर असता तर कॅप्टन झाला असता."

हा भ्रम फोडला कुलसुमभाभींनी. हात प्लास्टरमध्ये, काम काही जमेना, म्हणून त्या उजव्याच्या जागी डाव्या हाताने फोन बघत बसायच्या. एक दिवस म्हणाल्या, "अवो, सोसायटीच्या पानावर तुमचं काय नाय."

"काय नाय कसं? आजच घातली एक. चांगली लांब होती."

"वाचते ना मी. नम्रताने रांगोळीचा फोटो घातलाय. पाण्याची वेळ बदललीय. तुमचं नाव पण नाय कुठे."

होडेकरांनी आपला फोन पुढे केला. त्यात सगळ्या शिव्या ओळीने उभ्या. भाभींचा फोन बाजूला ठेवला. त्यात रांगोळी. एकच पान, एकच घर, एकच वायफाय. 

इथे एक गोष्ट सांगायला पायजे. भाभींनी ह्यांना मोबाईलवर दोस्तीची विनंती पाठवली होती, ती होडेकरांनी कधी मंजूरच केली नव्हती. का तर म्हणे, बायको घरात आहेच, तिला परत तिथे कशाला घ्यायची. आता कोकणातला कुठचा नवरा ह्याला चूक म्हणेल? पण सगळी मेख तिथेच होती.

ती उलगडली नम्रताने. नम्रता सोसायटीची सेक्रेटरी, शाळेत शिकवते, पानाचं कामकाज तीही बघते. होडेकर दोन्ही फोन घेऊन तिच्या दारात गेले. तिने बघितलं आणि ओठ चावला.

"चाचा, नाचणकरकाकांनी पानाला चाळणी लावलीय. वाईट शब्दांची यादी आत भरून ठेवली, की तो शब्द असलेली कमेंट आपोआप लपते."

"मग मला कशी दिसते?"

"तीच तर गंमत. लिहिणाऱ्याला दिसते. त्याचे जे दोस्त आहेत त्यांना दिसते. बाकी कोणाला नाय. मुद्दामच तशी सोय असते. माणसाला कळलं की आपलं लपवलंय, तर तो दुसरी वाट काढतो. कळलंच नाय, तर बसतो आपला लिहीत."

म्हणजे इतके दिवस होडेकर आपल्या मुलाला आणि दोन म्हाताऱ्या खलाशांना शिव्या घालत होते. नाचणकर नमस्कार करत होता कारण त्याला खरंच काही माहीत नव्हतं. चाळणी लावून झाल्यावर खाली काय साठलंय ते बघायला तो कधी गेलाच नव्हता. होडेकरांना शिवी अडवल्याचं एवढं लागलं नाही. आदर फुकट गेल्याचं लागलं.

भाभी म्हणाल्या, "मग शिवी काढा आणि साधं लिहा. तक्रार दिसली म्हणजे झालं."

"साधं तीनदा लिहिलं. बिस्कीट मिळालं," होडेकर म्हणाले. "आता शिवीसकट दिसेल. नायतर मी नाव लावणार नाय होडेकर."

बातमी शेजारी सदू शिवलकराकडे गेली. सदू एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होता. दुनियेतल्या कुठच्याही यंत्राला बायपास असतो ही त्याची श्रद्धा. तो आला, कठड्यावर बसला आणि म्हणाला, "सुलेमान, यंत्राला डोकं नसतं रे. ते अक्षरं बघतं. तू एक अक्षर झाक. फुली मार मधे."

"भ, फुली, व्या?"

"बघ लिहून."

लिहिलं. भाभींच्या फोनवर दिसलं. "भ*व्या, झाकण घाल." साऱ्या सोसायटीला दिसलं. होडेकर फुलीकडे कौतुकाने बघत बसले. आता मला सांगा, ही फुली कोणाला फसवते? वाचणाऱ्याला तर नाही. शेंबडं पोर पण तिथे ड वाचतं. म्हणजे शिवी पुरी पोचते, आणि वर देणारा सभ्य. उघड्या माणसाने कमरेला रुमाल लावावा आणि लग्नाला जावं, तसली ही गंमत.

पण नाचणकर आता जागा झाला. त्याने 'भ*व्या' पण यादीत भरलं, तशी आधी लिहिलेली पण लपली. मग दोघांची जुंपली. होडेकरांनी मधे टिंबं दिली, भ.ड.व्या. ते दोन दिवस चाललं. मग अक्षरं सुटी केली, भ ड व्या, दवंडीवाल्याने थांबत थांबत ओरडावं तशी. ते अडलं. मग सदू म्हणाला इंग्रजी अक्षरांत जा. bhadvya गेलं, तेही अडलं. मग ए काढून तिथे चार आकडा घातला, bh4dvya, कारण इंग्रजीतला मोठा ए आणि चार दिसायला भाऊ-भाऊ. ते टिकलं. मग नाचणकराने चाळणीचं ते बटण दाबलं, ज्याने शब्दाची वेडीवाकडी रूपं पण यंत्र आपलं आपण ओळखतं. चारसकट सगळे गेले.

मग आद्याक्षरं. ही सदूची खरी अक्कल. आयचा घो म्हणायचं असलं तर नुसतं आ.घो. लिहायचं. "गुरुप्रसाद नाचणकर, आ.घो., यांस विनंती की झाकण घालावे." यंत्राला दोन अक्षरांत काय कळणार. आणि नाचणकराला पण कळलं नाही. त्याला वाटलं ही काहीतरी पदवी आहे. त्याने खाली उत्तर लिहिलं, "धन्यवाद, आपला लोभ असावा." पाठोपाठ साऱ्या सोसायटीने त्याला आ.घो. लावायला सुरुवात केली. वाढदिवसाला बोर्ड पण लागला, मा. अध्यक्ष आ.घो. गुरुप्रसाद नाचणकर, खाली शुभेच्छुक म्हणून वीसएक नावं. शेवटी त्याच्या बायकोने, दर्शनाने, अर्थ सांगितला. त्या दिवशी नाचणकरांच्या घरी जेवणं उशिरा झाली म्हणतात.

मग तो पेटला. आ.घो. पण यादीत गेलं. आवाजाने जवळचे, दिसायला साधे, सगळे शब्द त्याने धरायला घेतले. होडेकर 'भडंगा' लिहायला लागले होते. भडंग म्हणजे आपले चुरमुरे, तिखट-मीठ लावलेले, कोण काय बोलणार. त्याने भडंग भरलं. भाडखाऊसाठी त्याने नुसतं 'भाड' भरलं, मुळातच घाव घालावा म्हणून. गांडू तर पहिल्या दिवसापासून होताच, त्याला आता त्या बटणाची जोड मिळाली. आणि रोज झोपताना यादी बघून समाधानाने दिवा मालवायचा. एवढ्या शिव्या तो माणूस उभ्या जन्मात बोलला नव्हता, आणि आता बसून लिहीत होता.

इकडे सोसायटीत काहीतरी कुजायला लागलं. मालनताईंचा महिला गट गांडूळखत करायचा. आंब्याच्या कलमांना हे खत चांगलं, बागवाले घेऊन जायचे. मालनताई दर आठवड्याला पानावर जाहिरात टाकायच्या. गिऱ्हाईक यायचं बंद झालं. त्यांना वाटलं खताला वास येतो. त्यांनी खत उन्हात घातलं, गांडुळं मेली, परत आणली. पलीकडे राहीबाईंची वरची खोली रिकामी, 'भाड्याने देणे आहे' लिहून लिहून बोटं झिजली, एक माणूस फिरकला नाही. पानावर जाहिरात टाकणाऱ्या नाक्यावरच्या भडंगवाल्याने तर दुकानाची वास्तुशांत परत केली.

होडेकरांना हे कळलं तेव्हा ते सदूला म्हणाले, "शिवी मी देतो आणि खत त्या बाईचं सडतं. हे काय न्यायाचं नाय."

"खत सडायलाच पायजे," सदू म्हणाला.

"तोंड बंद कर आणि मालनताईंना बोलव."

मग आली वार्षिक सभा. रविवारी सकाळी, सोसायटीच्या शेडमध्ये. खुर्च्या भाड्याच्या, हा शब्द आता जपूनच बोलायचे लोक. पुढे टेबल, टेबलामागे नाचणकर, बाजूला नम्रता इतिवृत्त लिहायला. कुलसुमभाभी पहिल्या रांगेत, प्लास्टर निघालेलं पण मनगट अजून वाकडं, मूठ वळेना. होडेकर त्यांच्या शेजारी नवा सदरा घालून.

नाचणकरांनी अहवाल वाचला. "चालू वर्षात पानावर एकही तक्रार प्राप्त झालेली नाही. सभासद समाधानी आहेत. झाकणाच्या खर्चाची तरतूद त्यामुळे पुढील वर्षी वर्ग करण्यात येत आहे."

आता हे ऐका. तो खोटं बोलत नव्हता. पानावर दिसत होतं तेवढंच तो मोजत होता, आणि जे दिसू नये म्हणून त्यानेच लपवलं होतं ते त्याच्या हिशोबी झालंच नव्हतं. त्या चेंबरात मात्र अजून भोक होतं.

होडेकर उभे राहिले. "लपवलेल्या काढ वर. सगळ्यांना दाखव."

"चाचा, त्यात अर्वाच्य भाषा आहे. महिला बसल्यात."

"महिलेचाच हात मोडलाय."

मालनताई उठल्या. "अध्यक्ष, माझं खत पण त्यातच आहे म्हणे. मला बघायचंय मी काय अर्वाच्य केलं ते."

राहीबाई उठल्या. मागून भडंगवाला पण उठला, तो सभासद नव्हता, पण खुर्च्या उतरवायला आला होता. लोक कुजबुजायला लागले. नम्रताने नाचणकरांकडे बघितलं. नाचणकरांनी मान हलवली नाही, पण ती म्हणाली, "काका, सभासदाने मागितलं तर दाखवावं लागतं," आणि लपवलेल्या कमेंटांचा कप्पा भिंतीवर पाडला.

भिंत भरली. खाली सरकवलं, परत भरली. होडेकरांच्या शिव्या, फुलीच्या, टिंबांच्या, चार आकड्याच्या, आणि मधे मधे मालनताई, 'उत्तम गांडूळखत, कलमांसाठी', आणि राहीबाई, 'हवेशीर खोली, समुद्र दिसतो'. आणि प्रत्येक शिवीच्या जोडीला तीच तीन अक्षरं आणि एक क्रियापद. झाकण घाल. झाकण घाल. झाकण घाल. लोक हसत होते ते हसायचे थांबले. कारण हसता हसता बघितलं तर ही तक्रार वर्षभर रोज केलेली होती, आणि दिसली तेव्हा पण लोकांनी शिवी वाचली, तक्रार कोणीच वाचली नव्हती.

नाचणकर लाल झाला होता. पण माणूस सभ्य, सभ्यपणानेच आडवा आला. "झाकण घालू. माझी हरकत नाही. पण आधी सुलेमानचाचांनी ह्या भाषेबद्दल सभेची माफी मागावी. माफीची नोंद होऊ दे, लगेच झाकणाचा ठराव मांडू."

 होडेकरांनी भाभींच्या मनगटाकडे बघितलं. ह्या माणसाने खवळलेल्या समुद्रात पण कोणाची माफी मागितली नव्हती. पण मनगट ते मनगट. पाच शब्द बोलले की झाकण पडतंय. भाभी परत बाजारात चालत जातील, खाली नजर न लावता. त्यांनी घसा खाकरला. सदूने मान खाली घातली. होडेकरांच्या तोंडून "सभेची..." एवढं निघालं, आणि त्यांच्या सदऱ्याला खालून कोणीतरी ओढलं.

कुलसुमभाभींनी त्यांना खाली बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. ह्या बाईने सोसायटीत कधी चढा आवाज काढला नव्हता. ईदला शिरखुर्मा पाठवताना पण नुसती मान हलवायच्या. पदर नीट केला. वाकडा हात पुढे धरला.

"गुरुप्रसाद," त्या म्हणाल्या, "तू मला धाकट्या भावासारखा. तुझ्या दर्शनाच्या बाळंतपणाला मी बसलेली हाय. म्हणून चांगल्या शब्दात सांगते, ते ऐक. ह्यांनी माफी मागायची नाय. ह्यांनी शिवी दिली ती माझ्यासाठी दिली, आणि तू ती लपवलीस. मला वर्षभर वाटत होतं की माझा हात मोडल्याचं कोणालाच काय नाय. तर आता मी देते. माझी लपव." आणि श्वास घेऊन, हळू, स्पष्ट, प्रत्येक अक्षर जागच्या जागी ठेवून त्या म्हणाल्या, "भडव्या, झाकण घाल."

  नाचणकरांच्या समोर आता चाळणी नव्हती, बटण नव्हतं. बाई होती. त्यांनी त्या हाताकडे बघितलं, बहुतेक वर्षात पहिल्यांदाच नीट बघितलं. आणि हळूच खुर्चीत बसले.

मालनताई म्हणाल्या, "माझं अनुमोदन."

"मतदान घ्या," सदू मागून म्हणाला.

हात वर झाले. शेडमधले सगळे. भडंगवाल्याचा पण झाला, त्याला कोणी खाली करायला सांगितलं नाही. शेवटी टेबलामागचा एक हात, अर्धवट, कोपरातून, वर आला.

नम्रता लिहीत होती. लिहिता लिहिता थांबली. शाळेतली बाई ती, तिच्या पेनाला सवय नाही. "चाची," तिने भाभींना विचारलं, "ठरावात तुमचे शब्द जसेच्या तसे लागतात. तो एक शब्द... मधे फुली टाकू का?"

होडेकर काहीतरी बोलणार होते. भाभींनी त्यांच्याकडे बघितलं पण नाही.

"फुली कशाला?" त्या म्हणाल्या. "माझं हाड काय फुली टाकून मोडलं? पुरं लिही."

तिने पुरं लिहिलं. सूचक कुलसुम सुलेमान होडेकर, अनुमोदक मालन, ठराव एकमताने मंजूर. मग वही टेबलावर सरकवली, आणि खाली अध्यक्षाची सही लागते म्हणून गुरुप्रसाद नाचणकरांनी खिशातून पेन काढलं आणि आपलं नाव, सभ्य अक्षरात, पूर्ण लिहिलं.